राईचा अरगट, बाजरीचा अरगट आणि विषबाधेची तीन रूपं

प्रश्न: राई या गव्हासारख्या धान्यावर येणाऱ्या अरगट या बुरशीच्या रोगामुळे युरोपात कुठे लोकांचे हातपाय काळे पडून गळून जात, तर कुठे झटके येऊन माणसं मरत, असं वाचलं. अरगट बाजरीवरही येतो, पण बाजरीच्या विषबाधेत उलट्या आणि गुंगी एवढंच ऐकलं. एकाच रोगाची तीन रूपं कशी? मग बाजरीचा अरगट निरुपद्रवी समजायचा का?

उत्तर:

मुळात हा एकच रोग नाही. ‘अरगट’ हे नाव एक असलं तरी त्यामागे क्लॅव्हिसेप्स या प्रजातीतल्या वेगवेगळ्या बुरशा आहेत. राई, गहू, बार्ली आणि कितीतरी रानगवतांवर येते ती क्लॅव्हिसेप्स पर्पुरिया. बाजरीवर येते ती क्लॅव्हिसेप्स फ्युसिफॉर्मिस. ज्वारीवर आणखी तिसरीच जात असते. फुलात शिरण्याची रीत सगळ्यांची सारखी, पण आत जाऊन त्या जे विष तयार करतात ते वेगळं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या फरकात आहे. उरलेलं अर्धं, म्हणजे एकाच राईच्या बुरशीने एका मुलखात पाय कुजवले आणि दुसऱ्या मुलखात झटके का आणले, हे जास्त अवघड आहे आणि त्यावर अजूनही वाद आहे.

आधी बुरशी फुलात काय करते ते पाहू. पीक फुलोऱ्यात आलं की हवेतून आलेला बीजाणू फुलाच्या कुक्षीवर पडतो. परागकण ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने बुरशीचा तंतू बीजांडकोशात उतरतो आणि दाणा भरायच्या जागी स्वतःच वाढू लागतो. साधारण आठवड्याभरात त्या फुलातून चिकट, गोडसर द्राव पाझरतो. बाजरीच्या कणसावर हे गुलाबीसर किंवा मधासारखे थेंब सकाळी स्पष्ट दिसतात. शेतकरी या रोगाला साखऱ्या किंवा चिकटा म्हणतात ते यावरूनच. त्या द्रावात लाखो बीजाणू असतात. पावसाचे शिंतोडे, माश्या आणि मुंग्या ते शेजारच्या फुलांवर नेतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत द्राव आटतो आणि दाण्याच्या जागी कठीण, काळपट गाठ तयार होते. हाच अरगट. त्याला शास्त्रीय भाषेत स्क्लेरोशियम म्हणतात. सगळं विष या गाठीत साठलेलं असतं.

राई या बुरशीला इतकी बळी का पडते, हेही याच वाटेत दडलेलं आहे. राईला दुसऱ्या रोपाचे पराग लागतात, म्हणून तिची फुलं उघडी राहून वाट पाहतात. गव्हाचं फूल बहुतेक वेळा मिटल्या अवस्थेतच स्वतःच्या परागाने फळतं, त्यामुळे बुरशीला दार क्वचितच उघडं मिळतं. एकदा परागण झालं की कुक्षी सुकते आणि ती वाट बंद होते. म्हणजे पराग आणि बीजाणू यांच्यात शर्यत लागलेली असते. फुलोऱ्याच्या दिवसांत थंड, ओली, ढगाळ हवा असली की पराग उडत नाहीत, फुलं जास्त दिवस उघडी राहतात आणि शर्यत बुरशी जिंकते. बाजरीत तर कुक्षी आधी बाहेर येते आणि परागकोश काही दिवसांनी. मधला काळ पूर्ण धोक्याचा. संकरित बाजरीत एकाच वेळी सगळं शेत फुलतं आणि परागाचा पुरवठा उशिरा झाला तर अरगट अधिक दिसतो, त्याचं कारण हेच.

राईच्या ओंबीतून अरगट एक ते चार सेंटिमीटर लांब, जांभळट काळ्या शिंगासारखा बाहेर आलेला दिसतो. नजरेतून सुटणं कठीण. तरीही शेकडो वर्षं लोकांनी तो दळून खाल्ला, कारण त्यांना तो राईचाच एक भाग वाटत होता. ओल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक शेतात तो असायचा. जे दर वर्षी दिसतं त्याला रोग कोण म्हणणार? ही बुरशी आहे आणि तिचं जीवनचक्र असं चालतं, हे फ्रान्सच्या लुई रेने तुलान यांनी 1853 मध्ये नीट उलगडून दाखवलं. त्याच्या कितीतरी आधी माणसं मरत होती.

857 साली ऱ्हाईन नदीकाठच्या क्सांटेन इथल्या बखरीत नोंद आहे की फोडांची मोठी साथ आली, किळसवाण्या कुजण्याने लोक खंगले आणि मरण्याआधी त्यांचे अवयव सुटून पडले. नंतरच्या शतकांत फ्रान्समध्ये अशा साथी पुन्हा पुन्हा आल्या. अंगात आग पेटल्यासारखी वेदना होत असल्यामुळे लोक या रोगाला ‘पवित्र आग’ आणि पुढे ‘संत अँथनीची आग’ म्हणू लागले. 1095 च्या सुमारास फ्रान्सच्या दोफिने भागात संत अँथनीच्या नावाने रुग्णांची सेवा करणारा एक संघ उभा राहिला आणि त्याची रुग्णालयं युरोपभर पसरली. ग्रुनेवाल्डने 1512 ते 1516 दरम्यान रंगवलेलं इझेनहाइमचं प्रसिद्ध वेदीचित्र अशाच एका रुग्णालयासाठी होतं. तिथे पोचलेले काही रुग्ण खरोखर सुधारत. मला त्यात चमत्कार दिसत नाही. घर सोडून ते निघाले तेव्हा घरातल्या विषारी पिठापासूनही ते लांब गेले होते. विष थांबलं की ज्या पायात अजून रक्त पोचत होतं तो पाय वाचला.

रक्ताअभावी अवयव मरून जाणं म्हणजे कोथ, म्हणून या रूपाला कोथरूप म्हणू. ते कसं घडतं हे आज चांगलं समजलेलं आहे. क्लॅव्हिसेप्स पर्पुरियाच्या गाठीत अरगोटामिन आणि त्याच्या नात्यातली अरगोपेप्टिन गटातली अल्कलॉइडं, म्हणजे विषारी रसायनं, असतात. ती रोहिणीच्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीच्या, भिंतीतल्या स्नायूंवरच्या ग्राहकांना, म्हणजे रासायनिक संदेश घेणाऱ्या जागांना, चिकटतात आणि सहज सुटत नाहीत. रोहिणी आवळली जाते आणि तशीच आवळलेली राहते. हृदयापासून सर्वांत लांब असलेल्या भागांना, म्हणजे पायाची बोटं, पावलं, हाताची बोटं, नाक आणि कान यांना रक्त मिळेनासं होतं. आधी पाय थंड पडतो, बधिर होतो, मग भयंकर जळजळ सुटते. त्वचा निळसर, मग काळी होते. हा कोरडा कोथ असतो. त्यात पू आणि दुर्गंधी त्या मानाने कमी असते. मेलेल्या आणि जिवंत भागाच्या मध्ये एक रेघ उमटते आणि काही वेळा त्या रेघेवर अवयव जवळजवळ रक्त न सांडता गळून पडतो. जुन्या लेखनातली ‘अवयव सुटून पडले’ ही वाक्यं अतिशयोक्ती वाटतात, पण ती शब्दशः खरी आहेत.

एक घटना मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण तिच्यात निदानाच्या सगळ्या खुणा आहेत. जानेवारी 1762 मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या वॉटिशम गावी एका शेतमजुराच्या घरात थोड्याच दिवसांत एकामागून एक आई आणि मुलांचे पाय दुखू लागले, मग काळे पडले आणि गळाले. तान्हं बाळ दगावलं. वडील त्याच घरात राहून, तेच अन्न खाऊन थोडक्यावर सुटले, त्यांचे फक्त हात बधिर झाले. गावात दुसरीकडे कुठेही असं झालं नाही. ताप, संसर्ग, जखम यांपैकी काही नव्हतं. त्या कुटुंबाने राई खाल्ली नव्हती. शेतात आडवा पडून खराब झालेला आणि बाकी मालापासून वेगळा ठेवलेला गहू त्यांच्या वाट्याला आला होता. एकच घर, एकच धान्य, हिवाळा, ताप नसलेला कोरडा कोथ आणि त्यातही मुलांना अधिक फटका, ही सगळी चिन्हं एकत्र आली की अरगटाचा संशय घ्यावाच लागतो. मुलांना फटका अधिक, कारण वजनाच्या मानाने ती जास्त धान्य खातात. आणि राई नव्हती म्हणून अरगट नाही, असं म्हणता येत नाही, हा दुसरा धडा.

तोच धडा 1977-78 मध्ये इथिओपियाच्या वोलो भागाने पुन्हा दिला. तिथे धान्यात रानओट मोठ्या प्रमाणात मिसळला होता आणि त्या रानओटावर अरगट होता. सुमारे 140 जणांना विषबाधा झाली, त्यातले साधारण एक तृतीयांश दगावले, आणि तीही कोथरूपातली विषबाधा होती. म्हणजे पाय कुजणं राईशी बांधलेलं नाही. ते क्लॅव्हिसेप्स पर्पुरियासारख्या, अरगोपेप्टिन बनवणाऱ्या बुरशीशी बांधलेलं आहे.

आता झटक्यांकडे येऊ. 1596-97 मध्ये जर्मनीच्या हेसे भागात साथ आली तेव्हा मारबुर्ग विद्यापीठाच्या वैद्यकीय शिक्षकांनी तिचं वर्णन केलं आणि खराब धान्याच्या पावाकडे बोट दाखवलं. 1770-71 च्या जर्मनीतल्या साथीचं फार बारकाईचं वर्णन त्सेले इथल्या योहान टाउबे या वैद्याने केलं आहे. सुरुवात त्वचेखाली मुंग्या फिरल्यासारख्या झिणझिण्यांनी होते. जर्मनमध्ये या रोगाचं नावच त्या मुंग्यांवरून पडलं. मग मनगटं आणि बोटं आत वळून पक्ष्याच्या चोचीसारखी घट्ट होतात. स्नायू इतके आवळतात की रुग्ण दुसऱ्यांना ओढून सरळ करायला सांगतात आणि त्याने त्यांना आराम मिळतो. झटका ओसरला की राक्षसी भूक लागते. वाईट रुग्णांना अपस्मारासारखे झटके येतात, भ्रम होतो, आणि वाचलेल्यांपैकी काहींची बुद्धी कायमची मंदावते. पाय मात्र काळे पडत नाहीत. हे झटक्यांचं रूप ऱ्हाईनच्या पूर्वेला, जर्मनी, स्कँडिनेव्हिया आणि रशियात दिसत राहिलं. कोथाचं रूप मुख्यतः पश्चिमेला, फ्रान्समध्ये. रशियात 1926-27 मध्येही अशी मोठी साथ आली, आणि 1927 मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर शहरात राईचा पाव खाणाऱ्या ज्यू स्थलांतरितांमध्ये सुमारे 200 जण आजारी पडले.

बुरशी एकच, मग हा फरक का? दोन स्पष्टीकरणं दिली जातात. एक आहाराचं. एडवर्ड मेलनबी यांनी 1930 च्या दशकात मांडलं की अ जीवनसत्त्व कमी असलेल्या प्राण्यांना अरगट दिला तर मज्जासंस्थेची हानी जास्त होते. त्यावरून असं म्हटलं गेलं की जिथे गरिबांच्या ताटात दूध-लोणी नव्हतं तिथे झटक्यांचं रूप आलं आणि जिथे होतं तिथे कोथाचं. दुसरं स्पष्टीकरण बुरशीचं. क्लॅव्हिसेप्स पर्पुरियाच्या वेगवेगळ्या वाणांत अल्कलॉइडांचं मिश्रण खूप वेगळं असतं. एका शेतातल्या दोन गाठींतही ते वेगळं सापडतं. त्यामुळे एका प्रदेशात मेंदूवर परिणाम करणारी अल्कलॉइडं जास्त आणि दुसऱ्यात रोहिणी आवळणारी जास्त, हे अगदी शक्य आहे. माझा कल दुसऱ्या स्पष्टीकरणाकडे आहे, आणि आहाराने त्यात भर घातली असेल असं मी मानतो. दोन्ही रूपं एकाच साथीत मिसळलेलीही कधी कधी दिसली आहेत, आणि नुसत्या आहाराच्या स्पष्टीकरणात ते नीट बसत नाही.

इथे एक खुलासा करावासा वाटतो, कारण या विषयावर बोललं की हा प्रश्न येतोच. अमेरिकेतल्या सेलम इथल्या 1692 च्या चेटूक खटल्यांमागे अरगट होता, हा तर्क 1976 मध्ये मांडला गेला आणि अजूनही लोकप्रिय आहे. मला तो पटत नाही. त्याच वर्षी त्याला दिलेलं उत्तर जास्त भक्कम आहे. तिथे एका घरातली सगळी माणसं आजारी पडली नाहीत, मोजक्या मुलीच पडल्या. त्यांचे झटके न्यायालयात ठरावीक क्षणी सुरू होत आणि ठरावीक क्षणी थांबत. अरगटाचं विष न्यायाधीशाकडे बघून काम करत नाही. एका भांड्यातलं अन्न खाणारं अख्खं घर कमी-जास्त प्रमाणात आजारी पडणं, ही अरगटाची पहिली खूण. ती नसेल तर दुसरं कारण शोधावं.

आता बाजरी. तिच्या अरगटाने झालेल्या विषबाधा भारतात नोंदल्या गेल्या आहेत. 1956-57 मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात आणि 1975 मध्ये राजस्थानात मोठ्या घटना झाल्या. लक्षणं दोन्हीकडे सारखी. जेवणानंतर तास-दोन तासांत मळमळ, उलट्या, गरगरणं आणि मग गाढ, लांबलेली झोप. माणसं एक-दोन दिवसांत बरी झाली. राजस्थानातल्या घटनेत कुणी दगावलं नाही, कुणाचा पाय काळा पडला नाही.

याचं कारण गाठीतल्या रसायनात आहे. क्लॅव्हिसेप्स फ्युसिफॉर्मिस अरगोपेप्टिन बनवत नाही. ती क्लॅविन गटातली अल्कलॉइडं बनवते. अॅग्रोक्लॅविन, एलिमोक्लॅविन, चॅनोक्लॅविन ही त्यांची नावं. अरगोटामिनला जी मोठी पेप्टाइडची शेपटी असते ती यांना नसते. ती शेपटी नसल्यामुळे रोहिणीला घट्ट आवळून धरण्याचं काम यांच्याकडून होत नाही. पण मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या ग्राहकांवर ती जोरात परिणाम करतात, आणि उलटीचं केंद्र याच ग्राहकांवर चालतं. म्हणून उलटी लवकर आणि हमखास होते. त्याचा एक फायदाही होतो. विष आणखी आत जाण्याआधीच पोट रिकामं होतं आणि पुढच्या जेवणाला माणूस त्या पिठाकडे संशयाने बघतो. राईच्या अरगटात तसं होत नाही. तिथे विष दिवसेंदिवस थोडं थोडं साचतं, आणि पहिलं लक्षण जाणवतं तोवर रोहिणी आवळलेली असते.

आकड्यांत पाहिलं तर हे जास्त स्पष्ट होईल. राजस्थानातल्या त्या धान्यात किलोला 15 ते 174 ग्रॅम अरगट सापडला, आणि अल्कलॉइडं साधारण त्याच्या हजाराव्या हिश्शाइतकी. सर्वांत कमी दूषित नमुना घेऊ. किलोला 15 ग्रॅम अरगट म्हणजे 15 मिलिग्रॅम अल्कलॉइड. 50 किलो वजनाच्या माणसाने दिवसाला 400 ग्रॅम पीठ खाल्लं तर पोटात 6 मिलिग्रॅम गेलं, म्हणजे शरीराच्या किलोला 120 मायक्रोग्रॅम. त्या वेळच्या अभ्यासातून असं दिसलं की शरीराच्या किलोला सुमारे 28 मायक्रोग्रॅमपर्यंत लक्षणं दिसत नव्हती. म्हणजे सर्वांत ‘बऱ्या’ नमुन्यातही चौपट विष होतं. उलटं गणित केलं तर 28 मायक्रोग्रॅमची पातळी गाठायला धान्याच्या किलोला साडेतीन ग्रॅम अरगट पुरतो. कोडेक्स या अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकाची गव्हासाठीची मर्यादा 0.05 टक्के, म्हणजे किलोला अर्धा ग्रॅम आहे. बाजरीला तीच लावली तर सात पटींची सुरक्षा मिळते. उलट्या टाळायला तेवढी पुरेशी आहे.

राईला तीच मर्यादा लावली तर चित्र बदलतं. तिच्या गाठीत अल्कलॉइडं साधारण दुप्पट, काही वेळा त्याहून जास्त असतात, आणि ती जास्त घातक असतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2012 मध्ये रोजच्या सेवनाची सुरक्षित पातळी शरीराच्या किलोला फक्त 0.6 मायक्रोग्रॅम ठरवली. 50 किलोच्या माणसाला दिवसाला 30 मायक्रोग्रॅम. किलोला अर्धा ग्रॅम अरगट असलेली राई 400 ग्रॅम खाल्ली तर यापेक्षा दहा पटींहून जास्त विष जातं. म्हणून युरोपात आता नुसत्या गाठी मोजून भागत नाही, पिठातली अल्कलॉइडं प्रयोगशाळेत मोजावी लागतात. बाजरीच्या अनुभवावरून राईला सूट देणं किंवा राईच्या भीतीवरून एक काळा दाणा दिसला म्हणून बाजरीचं पोतं फेकून देणं, दोन्ही चूकच.

बाजरीचा अरगट वेगळा काढणं मात्र राईपेक्षा अवघड आहे. राईची शिंगं दाण्यापेक्षा मोठी असतात, चाळणीत वर राहतात. बाजरीची गाठ काही मिलिमीटरची, जवळजवळ दाण्याएवढीच आणि काळपट तपकिरी असते. चाळणी किंवा पाखडणं पुरत नाही. उपाय मिठाच्या पाण्याचा. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ पूर्ण विरघळवायचं, त्यात धान्य थोडं थोडं ओतून हाताने ढवळायचं. गाठ दाण्यापेक्षा हलकी असते, ती तरंगते. पोचट दाणे आणि काडीकचराही तिच्याबरोबर वर येतो, तो सगळा काढून टाकायचा. खाली बसलेलं धान्य स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. बियाणं असेल तर धुण्यात कंटाळा करू नये, अंगाला राहिलेल्या मिठाने उगवण मार खाते. वरचा थर पुरून किंवा जाळून टाकायचा, जनावरांपुढे टाकायचा नाही.

ही पद्धत दोन ठिकाणी फसते आणि दोन्ही मी पाहिली आहेत. पहिली, द्रावण पातळ होणं. एकदा माझ्याकडे मिठाच्या पाण्यातून काढलेल्या धान्याचा नमुना आला आणि त्यात भरपूर गाठी होत्या. चौकशी केली तेव्हा कळलं की एकाच द्रावणात घाण्यावर घाणे काढले होते आणि पाणी कमी झालं की नुसतं पाणी वाढवत गेले होते, मीठ नाही. शेवटच्या घाण्यांत गाठी दाण्यांबरोबर तळाला बसल्या. पाणी वाढवलं की मीठही त्याच प्रमाणात वाढवायला हवं, किंवा सरळ नवं द्रावण करावं. दुसरी चूक मळणीतली. यंत्राने गाठी फुटल्या की त्यांचा चुरा दाण्यांना चिकटतो आणि तो पाण्याने पूर्ण सुटत नाही. जोराने मळलेल्या, दूषित मालात म्हणूनच संशय जास्त ठेवावा. आणि एकदा पीठ झालं की सुटका नाही. भाजण्याने विष काही प्रमाणात कमी होतं, नाहीसं होत नाही. राखाडी किंवा जांभळट ठिपके असलेल्या पिठावर कास्टिकचं द्रावण टाकून माशासारखा वास येतो का ते पाहणारी जुनी चाचणी आहे, पण वास आला नाही म्हणून पीठ सुरक्षित असं मानू नये. थोडा अरगट या चाचणीतून निसटतो.

‘निरुपद्रवी’ या तुमच्या शब्दाबद्दल. मी तो बाजरीच्या अरगटासाठी वापरणार नाही, आणि कारण उलटी हे नाही. 1950 च्या दशकात दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, अरगट लागलेली बाजरी खाल्लेल्या डुकरिणींना पिल्लं झाली, पण त्यांना दूधच आलं नाही आणि पिल्लं उपाशी मेली. डोपामिनच्या ग्राहकांवर काम करणारी क्लॅविन प्रोलॅक्टिनचा स्राव थांबवतात, आणि प्रोलॅक्टिन नसेल तर दूध उतरत नाही. त्या डुकरिणी आजारी दिसत नव्हत्या. म्हणजे उलटी होण्याच्या पातळीखालीही परिणाम होतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. दूध पाजणाऱ्या किंवा बाळंतपण जवळ आलेल्या बाईसाठी, तशाच गाभण किंवा दुभत्या जनावरासाठी, संशयास्पद बाजरी मिठाच्या पाण्यातून काढली तरी मी देणार नाही.

विषबाधेचा संशय आला तर एवढं बघा. एका भांड्यातलं खाल्लेल्या अनेकांना तास-दोन तासांत उलट्या, गरगर आणि झोप आली, ताप नाही, तर बाजरीचा अरगट असू शकतो. त्यांना डॉक्टरकडे न्या, उरलेलं पीठ आणि धान्य फेकू नका, तपासणीसाठी बाजूला ठेवा. पण कुणाचे पाय थंड, बधिर, निळसर झाले आणि पावलावरची नाडी लागत नसेल, तर तो बाजरीचा अरगट नव्हे, आणि तासाभराचाही उशीर करू नका. आज असे रुग्ण धान्यापेक्षा औषधांतून जास्त येतात. अर्धशिशीसाठी घेतलेलं अरगोटामिन यकृतात मोडलं जातं, म्हणूनच त्याची ठरलेली मात्रा सोसते. एचआयव्हीसाठीचं रिटोनाविर किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक हे मोडणं अडवतं, आणि मग नेहमीच्या एक-दोन गोळ्यांनीही पाय काळा पडू शकतो. अशा वेळी गेल्या आठवड्यात घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा. रक्तवाहिनी उघडायचं औषध लवकर सुरू झालं तर पाय वाचतो.